यंत्राची मराठी आणि माणसाची मराठी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेले दोन मजकूर एकाच आठवड्यात माझ्या हाती पडले. पहिला होता लाखांदूर तालुक्यातल्या एका वृद्ध शेतमजूर बाईचे दोन पानी आत्मकथन. वाक्ये सरळ, शुद्धलेखन निर्दोष. दुसरा होता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा रोवणीच्या मजुरीवरचा निबंध. त्यात 'द्वारे' होते, 'करण्यात येते' होते, 'सदर समस्येचे निराकरण' होते. मी पहिला मजकूर छापायला काढला आणि दुसऱ्यावर लाल शाईने लिहिले, 'मोबाइलवरून इंग्रजीचे भाषांतर केलेले दिसते. स्वतः लिहावे.'

दोन्ही निर्णय चुकले. मुलीचा निबंध तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. आणि त्या बाईची मुलाखत कोणीतरी पूर्वी घेऊन इंग्रजीत प्रसिद्ध केली होती. आमच्या एका उत्साही विद्यार्थ्याने तो इंग्रजी मजकूर यंत्रात घालून मराठीत काढला आणि जसाच्या तसा दिला. त्यात त्याला काही गैर वाटले नव्हते. बाई मराठी, मजकूर मराठी, मग अडचण कुठे आली, असे त्याचे म्हणणे.

अडचण कुठे आली हे मला नीट सांगता येईना, म्हणून मी दोन्ही मजकूर पुन्हा पुढ्यात घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते कार्यकर्त्यांच्या आणि शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून लिहीत आहे.

आधी एक भ्रम दूर केला पाहिजे. यंत्राचे भाषांतर म्हणजे मोडकेतोडके मराठी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती एकेकाळी खरी होती. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश 2013 साली झाला. त्या वेळची यंत्रे वाक्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला जुळणारा तुकडा शोधत आणि ते एकापुढे एक ठेवत. त्यामुळे लिंग-वचनाचा मेळ बसत नसे, क्रियापद भलतीकडे पडे. न्यायालयाच्या इंग्रजीत 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपील करण्याची परवानगी दिली. यंत्र त्याची 'रजा मंजूर' करून टाकी. एखाद्याच्या मनात 'रिझर्व्हेशन्स' म्हणजे शंका असल्या की त्याच्या पदरात 'आरक्षण' पडे. अशा मजकुराला ओळखायला अभ्यास लागत नव्हता. 2017 साली मराठीसाठी नवी पद्धत आली. ती सबंध वाक्य एकदम विचारात घेते आणि मराठी वाक्य शब्दागणिक, मागचे शब्द पाहत, बांधत जाते. तेव्हापासून व्याकरण बहुतेक सुधारले. आजच्या यंत्राचे वाक्य बरेचदा आमच्या विद्यार्थ्यांच्या वाक्यापेक्षा शुद्ध असते. म्हणून चूक शोधून यंत्र ओळखता येत नाही. शोधायचे ते वेगळेच.

मराठी बोलताना काही गोष्टी सांगाव्याच लागतात. टाळू म्हटले तरी टाळता येत नाहीत. 'मी गेले' म्हटले की बोलणारी बाई आहे हे कळते. समोरच्याला तू म्हणायचे की तुम्ही, हे तोंड उघडण्याआधी ठरवावे लागते. ज्याच्याविषयी बोलायचे त्याला 'तो' म्हणायचे की 'ते', हेही ठरवावे लागते. ऐकणाऱ्याला आपल्यात धरायचे असेल तर 'आपण', वगळायचे असेल तर 'आम्ही'. इंग्रजीत यातले काहीच सांगावे लागत नाही. 'आय वेंट' मध्ये बाई-पुरुष नाही, 'यू' मध्ये लहान-मोठा नाही, 'वी' मध्ये आतला-बाहेरचा नाही. म्हणजे मजकूर मराठीतून इंग्रजीत जाताना ही माहिती गळून पडते. तो इंग्रजीतून पुन्हा मराठीत आणायचा तर गळलेली जागा कशाने तरी भरावीच लागते. माणूस भाषांतर करत असेल तर तो थांबतो, विचारतो, मागचे पान उलटतो. यंत्र आपण शिकलेल्या मजकुरात जे जास्त वेळा आले तेच भरते. इंग्रजीने जे गाळले तिथे यंत्राने काय भरले, हे पाहणे हीच माझ्या मते ओळख पटवण्याची सर्वांत भरवशाची रीत आहे.

आता त्या आत्मकथनातला एक परिच्छेद पाहू :

'त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मी माझ्या आईसोबत भात लावणीसाठी गेलो. माझा काका, जो आमच्या घराच्या मागे राहत होता, त्याने आम्हाला सांगितले की आम्ही लवकर निघाले पाहिजे. माझी आजी म्हणाली, "काळजी करू नकोस, मुला." दुपारी आम्हाला मालकाच्या पत्नीद्वारे दुरून पाणी दिले गेले. तिने ते ओतले आणि मी माझ्या हातांमधून प्यायलो.'

पहिल्या वाचनात मला यात काहीही खटकले नव्हते, हे कबूल करतो.

बोलणारी बाई आहे, आणि ती 'गेलो' म्हणते, 'प्यायलो' म्हणते. प्रमाण मराठीत 'गेले' हवे. आमच्या भागातली बाई 'मी गेली' म्हणेल. 'गेलो' कुठून आले? यंत्राने ते सवयीने भरले, कारण त्याने वाचलेल्या मजकुरात 'मी' म्हणणारे बहुतेक पुरुष होते. एकट्या या खुणेवर मात्र निकाल देऊ नये. कोल्हापूरकडे बायाही घरगुती बोलण्यात 'मी आलो' म्हणतात. परंतु पुढे आजी तिला 'मुला' म्हणते, तेव्हा संशय बळावतो. इंग्रजीत तिथे 'चाइल्ड' असणार. आमच्याकडची म्हातारी नातीला 'पोरी' म्हणेल, 'बाई' म्हणेल. 'मुला' म्हणणार नाही. दोन वेगळ्या जागी एकाच प्रकारचे रिकामेपण एकाच सवयीने भरलेले दिसले, की ते लेखकाचे लकबीचे बोलणे राहत नाही.

मग तो 'काका'. इंग्रजीत 'अंकल' एवढाच शब्द. त्यात चुलता, मामा, मावसा आणि आत्याचा नवरा हे सगळे सामावतात. मराठी माणूस नाते सांगताना आईकडचे की बापाकडचे हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. यंत्र 'काका' भरते. संबंध मजकुरात एकही मामा, मावसा, आत्या नसेल, सगळेच काका-काकू आणि सगळेच चुलतभाऊ असतील, तर तो मजकूर इंग्रजीच्या चाळणीतून आला आहे असे समजायला हरकत नाही.

त्याच वाक्याची बांधणी पाहा. 'माझा काका, जो आमच्या घराच्या मागे राहत होता, त्याने' ही रचना मराठीत अशक्य नाही, पण बोलणारी बाई 'घरामागे राहणारा मामा' म्हणेल, नाहीतर 'जो मागे राहायचा तो मामा' असे 'जो-तो' चे जोडवाक्य करील. नामाच्या मागून स्वल्पविराम देऊन 'जो' लावण्याची सवय इंग्रजीची. पुढे 'सांगितले की आम्ही लवकर निघाले पाहिजे' असे आहे. 'की' आपल्यात फार जुना आहे, त्याला दोष नाही. पण मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना बोलणाऱ्याचेच शब्द ठेवतो आणि शेवटी 'म्हणून' किंवा 'असे' जोडतो : 'लवकर निघा म्हणून मामाने सांगितले.' इथे मामाच्या तोंडचे 'तुम्ही' इंग्रजीने 'वी' केले आणि यंत्राने त्याचे 'आम्ही' केले. मामाही कामावर येणार असेल तर 'आपण' हवे होते. तो येणार होता की नाही हे आता या मजकुरावरून सांगताच येत नाही.

'भात लावणी' हे पुस्तकी मराठीत बरोबर आहे. पण भंडाऱ्याच्या बाईचे नाही. आमच्याकडे पीक धानाचे असते, भात ताटात असतो. शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, रोपांना पऱ्हे आणि लावण्याच्या कामाला रोवणी. लाखांदूरच्या बाईच्या दोन पानांत एकदाही धान नाही, बांधी नाही, रोवणी नाही, याकडे मी, ज्याची आई जन्मभर रोवणीला गेली, त्यानेच लक्ष दिले नाही. छापील अक्षरात 'भात लावणी' च असायची, हे शाळेने माझ्याही अंगात भिनवले आहे.

शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. 'मालकाच्या पत्नीद्वारे पाणी दिले गेले' यातले 'द्वारे' आणि 'गेले' इंग्रजी कर्मणी प्रयोगाचा सांगाडा आहे. मराठीत 'मालकिणीने पाणी दिले' म्हणून काम भागते, आणि करणारी कोण हे वाक्याच्या तोंडाशीच येते. पण खरे नुकसान 'हातांमधून प्यायलो' यात आहे. मूळ बोलण्यात 'ओंजळ' असणार याबद्दल मला शंका नव्हती. इंग्रजीत ओंजळीला एक शब्द नाही. दोन तळवे वाटीसारखे करणे असे काहीतरी लिहावे लागते. वरून ओतलेले पाणी ओंजळीने पिणे म्हणजे काय, हे आपल्यात समजावून द्यावे लागत नाही. भांड्याला हात लागू द्यायचा नाही, ही सगळी व्यवस्था त्या एका शब्दात उभी असते. तो गेला आणि 'हातांमधून' आले, आणि प्रसंग जणू एखाद्या नळावरचा झाला. वाक्य शुद्ध राहिले, जात तेवढी धुऊन निघाली.

इथवर जे होते त्याची तपासणी झाली. जे नाही तेही पाहायचे असते, आणि ते दिसायला अवघड. मराठी बोलण्यात 'च', 'ही', 'तर', 'ना', 'म्हणे', 'बरे' असे बारीक शब्द सतत येतात. 'विसरून गेली', 'देऊन टाकले', 'रडत बसली' अशी जोडक्रियापदे येतात. 'भाकरीबिकरी', 'येता येता' अशी द्विरुक्ती येते. यांना इंग्रजीत समोर उभा करावा असा शब्द नाही. म्हणून इंग्रजी वाक्य समोर ठेवून लिहिणाऱ्याला, मग ते यंत्र असो की माणूस, ते सुचतच नाहीत. फिनलंडच्या अभ्यासक सोन्या टिर्कोनेन-कॉन्डिट यांनी 2004 साली हेच फिनिश भाषेबाबत मांडले. त्या भाषेत आपल्या 'ही' सारखे शब्दाला चिकटणारे एक अव्यय आहे. मूळ फिनिश लेखनाच्या मानाने भाषांतरांत ते कमी आढळते. त्यात चूक काहीच नसते, फक्त त्या भाषेचे खास धन खर्च झालेले नसते. मी आत्मकथनाच्या दोन पानांत 'च' शोधला. एकदा सापडला. 'म्हणे' एकदाही नाही. साठीच्या पुढची बाई आपली हकीकत सांगते आणि 'म्हणे' म्हणत नाही, हे पटण्यासारखे आहे काय?

आता दुसऱ्या मजकुराकडे येतो, कारण माझी खरी शिकवणी तिथे झाली.

त्या मुलीच्या निबंधातही 'द्वारे' होते, कर्मणी प्रयोग होते, 'जे की' ने जोडलेली लांबलचक वाक्ये होती. वर सांगितलेल्या बांधणीच्या खुणांवर बोट ठेवले तर तोही यंत्राचा ठरतो. असे का व्हावे? कारण दोघांची शाळा एकच आहे. यंत्राला शिकवायला इंग्रजी आणि मराठी समोरासमोर असलेला मजकूर लागतो, आणि असा मजकूर मराठीत मिळतो तो मुख्यतः शासकीय निवेदनांत, भाषांतरित बातम्यांत, बायबलात. आमची मुलगी मराठी लिहायला शिकली ती पाठ्यपुस्तकांतून, गाइडांतून, तलाठी कार्यालयाच्या नोटिसांतून आणि वर्तमानपत्रांतून. तिथली मराठी आधीच शंभर-दीडशे वर्षे इंग्रजीवरून उतरवली जात आहे. घरची बोली लिहायची नाही हे तिला पहिलीपासून सांगितलेले. मग तिच्या वाट्याला तीच मराठी आली जी यंत्राच्या वाट्याला आली. ज्याच्या घरात तीन पिढ्या लेखन आहे त्याला सहज, खेळती मराठी लिहिता येते आणि तो संशयातून सुटतो. पहिल्यांदा लेखणी धरणारा ताठ लिहितो, आणि तोच पकडला जातो. 2023 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी यंत्रलेखन ओळखण्याचा दावा करणारी साधने तपासली, तेव्हा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेले अर्ध्याहून अधिक निबंध त्या साधनांनी यंत्राचे ठरवले होते. ते इंग्रजीचे झाले. आमच्या वर्गात तेच काम माझ्या लाल शाईने केले.

निबंध दुसऱ्यांदा वाचला तेव्हा दिसले की भरलेल्या जागा बरोबर आहेत. तिच्या मावशीची मावशीच होती, आत्याची आत्याच. 'रोवणी' होती, 'बांधी' होती. आणि एका ठिकाणी 'धान' ऐवजी 'धाण' लिहिले होते, दुसऱ्या ठिकाणी 'मन' ऐवजी 'मण'. माझ्या लाल पेनने त्यांना गोल केलेले होते. झाडीबोलीत ण नाही, आमच्या तोंडी पाण्याचे 'पानी' होते. शाळेत 'पानी' चे 'पाणी' करून घेतात. मग पोर धास्तावते आणि जिथे न च हवा तिथेही ण लिहून मोकळे होते. अशी चूक यंत्र करत नाही. जिला बोलीबद्दल मार बसला आहे तीच ती करू शकते. जी खूण तिच्या बाजूची साक्ष होती ती मी दोष म्हणून मोजली होती.

मी तिला बोलावून क्षमा मागितली. ती म्हणाली, 'सर, बोलतो तसं लिहिलं तर अशुद्ध म्हणता. पुस्तकासारखं लिहिलं तर मोबाइलचं म्हणता. मग लिवाव कसं?' माझ्यापाशी उत्तर नव्हते. तिची कच्ची वही तिने दाखवली. त्यात तीच वाक्ये आधी बोलीत होती आणि मग खोडून 'शुद्ध' केलेली होती.

म्हणून आरोप करायचा असेल तर बांधणीच्या खुणा, म्हणजे 'द्वारे', 'जो', स्वल्पविराम, यांवर करू नये. भरलेल्या जागा पाहाव्यात : लिंग, नाते, तू-तुम्ही, आम्ही-आपण. यंत्र पुष्कळदा एकेका वाक्याचे सुटे भाषांतर करते, त्यामुळे याच जागा वाक्यागणिक बदलतात. पहिल्या वाक्यात 'ते', तिसऱ्यात त्याच माणसाला 'तो', एकदा 'चळवळ' आणि लगेच 'आंदोलन'. नवी यंत्रे सबंध पान एकदम वाचतात, तेव्हा हा विसंवाद कमी होत चालला आहे. मजकूर चार ओळींचा असेल, किंवा कोणी जाणत्याने भाषांतरावरून हात फिरवला असेल, तर नुसते वाचून ओळखता येत नाही. मग लिहिणाऱ्याशी बोलणे आणि कच्चा खर्डा पाहणे, एवढेच हाती राहते.

चळवळीच्या दृष्टीने एक जागा मला जास्त काळजीची वाटते. बाबासाहेबांनी 31 मे 1936 रोजी मुंबईच्या महार परिषदेत केलेले 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण मराठीत होते. वसंत मून यांनी ते इंग्रजीत नेले, आणि आज देशभर ते त्या इंग्रजी रूपात वाचले जाते. आता कोणी त्या इंग्रजीतले एखादे वाक्य उचलून यंत्रातून मराठीत काढतो आणि खाली बाबासाहेबांचे नाव घालून जयंतीच्या फलकावर लावतो. व्याकरण शुद्ध, आशयही साधारण तोच. पण ते शब्द बाबासाहेबांचे नव्हेत. त्यांचे मराठी शब्द छापलेले उपलब्ध असताना आपण त्यांना यंत्राचे शब्द बोलायला लावतो. सभेपुढे बोलताना ते कुठे 'तुम्ही' म्हणाले, कुठे 'आपण' आणि कुठे 'आम्ही', यात त्यांचे समाजाशी नाते आहे. इंग्रजीत ते 'यू' आणि 'वी' एवढेच उरते, आणि यंत्र ते अंदाजाने परत करते. 'जाती निर्मूलन' म्हणून आपण ओळखतो तो ग्रंथ मात्र 1936 साली इंग्रजीतच लिहिला गेला, तिथे मराठी शब्द कोणाचेही असोत भाषांतरकाराचेच असणार. म्हणून अवतरण हाती आले की पहिला प्रश्न हा, की मूळ कोणत्या भाषेतले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेचे अठरा ते वीस हे खंड मराठी आहेत. जे मुळात मराठी ते तिथे पाहावे. फलक रंगवायला द्यायच्या आधी तेवढे पान उलटणे अवघड नाही.

त्या आत्मकथनाचे पुढे असे झाले. निबंध लिहिणारी मुलगी त्याच बाजूची निघाली. तिनेच बाईचे घर शोधले आणि दोन रविवार जाऊन बसली. बाईला ती जुनी मुलाखत आठवत होती, ती कुठे छापली हे ठाऊक नव्हते. मुलीने परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाली, 'हा काका कोन? माह्या बापाले भाऊच नव्हता.' घरामागे राहणारा तो मामा होता, आणि तोही रोवणीला येत असे. पुढच्या बांधीत त्याचा नांगर चाले. मालकिणीचे पाणी ओंजळीनेच प्यायचे. ओंजळ ओठांशी कशी धरायची हे बाईने हात करून दाखवले, कोपर वर, म्हणजे ओघळ मालकिणीकडे जाऊ नये. हे कोपराचे इंग्रजी मुलाखतीत नाही. बाईच्या शब्दांतला तो मजकूर मुलीने उतरवून आणला, 'मी गेली' आणि 'पानी' सकट, आणि वार्षिकांकात तो तसाच गेला.